फ्रँचायझीचं अ‍ॅग्रीमेंट शेवटच्या पानापासून वाचा

दुकानात साधारण १८० कपडे लटकलेले होते आणि त्यातला एकही कोणाचा आहे ते सांगता येत नव्हतं. माझ्या एका मित्राने ड्रायक्लीनिंगच्या ब्रँडची फ्रँचायझी घेतली होती. करार संपवल्याचा ईमेल शुक्रवारी संध्याकाळी आला आणि त्यानंतर तासाभरात कंपनीने सॉफ्टवेअरचं लॉगिन बंद केलं. कपड्यांवर नुसते बारकोडचे टॅग, गिऱ्हाइकाचं नाव-नंबर सगळं सॉफ्टवेअरमध्ये, पावत्या लोकांच्या मोबाइलमधल्या अ‍ॅपवर. शनिवारी सकाळी लोक कपडे न्यायला आले तेव्हा तो प्रत्येकाला आत घेऊन रॅक दाखवत होता, तुमचा ओळखा आणि घेऊन जा म्हणत होता. करार काढून बघितला तर कंपनीने केलं त्यात काहीच नियमाबाहेर नव्हतं, "करार संपताच सर्व सिस्टीमचा वापर तत्काळ थांबेल" असं एक वाक्य ३८व्या पानावर होतं आणि खाली त्याची सही होती.

तेव्हापासून कोणीही फ्रँचायझीचं अ‍ॅग्रीमेंट वाचायला दिलं की मी मागच्या पानांपासून सुरू करतो. लोक पुढून वाचतात, म्हणजे फी किती, रॉयल्टी किती टक्के, एरिया कोणता, आणि करार संपण्याच्या क्लॉजपर्यंत येईस्तोवर थकलेले असतात. पण ब्रँडचे नियम, रॉयल्टी, टेरिटरी हे तिन्ही रस्ते शेवटी त्याच क्लॉजवर येऊन मिळतात. करार कशामुळे संपू शकतो ते आधी कळलं की पुढचं प्रत्येक पान वेगळं दिसतं. म्हणून खाली पायऱ्याही त्याच क्रमाने देतोय, आणि उदाहरण त्याच ड्रायक्लीनिंगच्या दुकानाचं: ५ वर्षांचा करार, विक्रीवर ६ टक्के रॉयल्टी, वर २ टक्के मार्केटिंग फंड. हिशेब सोपा राहावा म्हणून महिन्याची विक्री १०० धरू.

पायरी १: करार कोणकोणत्या कारणांनी संपू शकतो ते एका कागदावर लिहून काढा

बहुतेक अ‍ॅग्रीमेंटमध्ये कारणांचे तीन गट असतात, पण ते एका जागी सरळ लिहिलेले नसतात, शोधून काढावे लागतात. पहिला गट म्हणजे लगेच संपणारी कारणं: दिवाळं, गुन्ह्यात शिक्षा, दुकान सोडून देणं, गुपितं फोडणं, विक्री लपवणं. यावर फारशी घासाघीस होत नाही आणि करायची गरजही नसते. दुसरा गट सुधारायला मुदत देणारा, म्हणजे चूक झाली की नोटीस येते आणि ठरावीक दिवसांत ती दुरुस्त केली की विषय मिटतो. पैशाच्या थकबाकीला मुदत थोडी असते, बहुधा ७ ते १० दिवस, आणि बाकीच्या चुकांना ३०च्या आसपास. इथे बघायचं ते असं की दिवस कधीपासून मोजायचे, नोटीस पाठवल्यापासून की तुम्हाला मिळाल्यापासून, आणि ती कोणत्या ईमेलवर येणार. माझ्या मित्राची पहिली नोटीस करारावरच्या जुन्या ईमेलवर गेली होती, जो तो क्वचितच उघडायचा.

तिसरा गट खरा धोक्याचा आणि तो एका ओळीत मावतो. १२ महिन्यांत तीन नोटिसा आल्या तर त्या चुका सुधारल्या असल्या तरी कंपनी मुदत न देता करार संपवू शकते. वाचताना हे रास्त वाटतं, वारंवार चुका करणाऱ्याला कोण ठेवून घेईल. पण नोटीस कशाबद्दल देता येते यावर काहीच मर्यादा नसेल तर युनिफॉर्मचा रंग, रॉयल्टी दोन दिवस उशिरा आणि इन्स्पेक्शनमध्ये कमी मार्क अशा तीन गोष्टींवर पाच वर्षांचा धंदा जाऊ शकतो. त्याच्या बाबतीत जवळजवळ तेच झालं. तिन्ही चुका त्याने वेळेत सुधारल्या होत्या, तरी तिसरी नोटीस पहिल्या नोटिशीपासून अकराव्या महिन्यात पडली आणि करार संपवायचा हक्क कंपनीच्या हातात आला.

मागायचं ते एवढंच: या मोजणीत फक्त मोठ्या चुका धरायच्या, आणि त्या एकाच प्रकारच्या असायला हव्यात. बऱ्याच कंपन्या हे मान्य करतात कारण त्यांना खरोखर वारंवार पैसे थकवणारा माणूसच बाहेर काढायचा असतो. सोबत हेही बघा की कंपनीने करार मोडला तर तुम्हाला बाहेर पडता येतं का. पुष्कळ करारांत ही बाजू कोरीच असते. ट्रेनिंग नाही, माल नाही, अ‍ॅप बंद, तरी तुमची रॉयल्टी चालूच. तेवढीच मुदत देऊन तुम्हालाही करार संपवता यावा असं लिहून घ्या.

पायरी २: संपल्यानंतरचा पहिला महिना डोळ्यासमोर आणा

करार संपल्यावर काय काय थांबतं ते एकेक करून बघा: पाटी, रंग, नाव, युनिफॉर्म, दुकानाचा फोन नंबर, मॅपवरचं लिस्टिंग आणि त्याचे रिव्ह्यू, सोशल मीडियाचं पेज, सॉफ्टवेअर, गिऱ्हाइकांची यादी. फोन नंबर आणि लिस्टिंग तुमच्या नावावर असलं तरी ते कंपनीला ट्रान्सफर करायची अट बहुतेक करारांत असतेच, आणि ब्रँडच्या बाजूने बघितलं तर ते योग्य आहे, कारण त्या नंबरवर फोन करणारा ब्रँडला शोधत असतो.

पण हातात घेतलेल्या कामाचं काय? कपडे धुवायला आलेत, ज्या धंद्यात मेंबरशिप असते तिथे लोकांनी वर्षाचे पैसे भरलेत, क्लास असेल तर पोरं टर्मच्या मध्यात आहेत. त्यासाठी एक क्लॉज मागून घ्यायचा, की आधी स्वीकारलेली ऑर्डर पूर्ण करायला ३० दिवस मिळतील, त्या काळात नवीन ऑर्डर घेणार नाही, आणि सॉफ्टवेअर निदान बघण्यापुरतं चालू राहील. कंपनीला यात काही तोटा नाही, उलट गिऱ्हाईक चिडलं तर ते ब्रँडच्याच नावाने चिडतं. दोन ओळींचा हा क्लॉज असता तर त्या शनिवारी मित्राला रॅकसमोर उभं राहावं लागलं नसतं.

आगाऊ भरलेल्या पैशाचा मुद्दा वेगळा लिहून घ्या. कंपनीच्या अ‍ॅपवर गिऱ्हाइकाने वॉलेटमध्ये पैसे भरलेत, ते कंपनीकडे आहेत, आणि काम करायचंय तुम्ही. करार संपल्यावर उरलेला बॅलन्स कोण परत देणार? पैसे ज्याच्याकडे गेले त्यानेच ते परत करायचे असं स्पष्ट शब्दांत लिहिलेलं असावं.

पायरी ३: उरलेल्या वर्षांची भरपाई कागदावर करून बघा

तुमच्या चुकीमुळे करार संपला तर कंपनी उरलेल्या काळाची रॉयल्टी भरपाई म्हणून मागते, आणि याचं सूत्र करारातच दिलेलं असतं. आपल्या उदाहरणात करार ६० महिन्यांचा आणि तो ३०व्या महिन्याला संपला. रॉयल्टी महिन्याला ६, उरले ३० महिने, म्हणजे १८०. नुसतं १८० म्हणून काही वाटत नाही, पण दुकानाला सगळा खर्च जाऊन महिन्याला १० उरत असतील तर हा १८ महिन्यांचा पूर्ण नफा झाला, आणि तो अशा माणसाने द्यायचा ज्याचं दुकान नुकतंच बंद पडलंय.

इथे तीन गोष्टी मागता येतात. वरची मर्यादा, म्हणजे जास्तीत जास्त १२ महिन्यांची रॉयल्टी. दुसरं, त्याच एरियात कंपनीने दुसरं दुकान सुरू केलं की त्या तारखेपासून मोजणी थांबेल, कारण तिथून पुढे कंपनीचं नुकसान होतच नाही. आणि तिसरं, मार्केटिंग फंडाची रक्कम या हिशेबात धरायची नाही, तो पैसा जाहिरातीवर खर्च व्हायचा होता, तो कंपनीचा नफा नव्हता. कोर्टंही अशी भरपाई आंधळेपणाने देतात असं नाही. भारतात कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टच्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते आणि तिच्या आत रास्त वाटेल तेवढीच भरपाई मिळते. कॅलिफोर्नियात १९९६ साली एका अपील कोर्टाने तर थकबाकीमुळे कंपनीने स्वतःच करार संपवला म्हणून पुढची रॉयल्टी नाकारली, कारण पुढचं उत्पन्न बुडालं ते कंपनीच्या करार संपवण्याने, थकबाकीने नव्हे. पण कोर्टाच्या भरवशावर सही करू नका, तिथे पोचेपर्यंत वर्षं जातात.

पर्सनल गॅरंटीही याच पानाच्या आसपास सापडते. दुकान कंपनीच्या नावावर काढलं की घर सुरक्षित असा समज असतो, पण मागे एक वेगळा कागद असतो ज्यावर तुम्ही, आणि बरेचदा नवरा किंवा बायकोनेही, व्यक्तिशः सही केलेली असते. तो कागद करार संपल्यावरही जिवंत राहतो. रकमेची मर्यादा घालून घ्या, उदाहरणार्थ सहा महिन्यांच्या रॉयल्टीइतकी.

पायरी ४: नंतर तोच धंदा करता येईल का

करार संपल्यावर २ वर्षं, ५ किलोमीटरच्या आत असाच धंदा करायचा नाही, अशी अट जवळजवळ प्रत्येक करारात असते. ती कितपत टिकते हे देशावर अवलंबून आहे. भारतात कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्ट १८७२च्या कलम २७ मुळे करार संपल्यानंतरची अशी बंदी सहसा टिकत नाही. करार चालू असतानाची बंदी मात्र चालते, सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्ये गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका कोला या निकालात तेच म्हटलंय. युरोपियन युनियनच्या नियमांत करार संपल्यानंतरची बंदी जास्तीत जास्त १ वर्ष आणि तीही ज्या जागेत धंदा चालला त्या जागेपुरती, शिकवलेली माहिती जपण्यासाठी गरजेची असेल तर. अमेरिकेत राज्यागणिक वेगळं, कॅलिफोर्नियात बहुतेक बंदी रद्दच समजली जाते.

यातून एक चुकीचा अर्थ काढला जातो, की मग पाटी बदलून दुसऱ्या दिवशी तिथेच सुरू करू. धंदा करता येईल, पण त्यांचा रंग, त्यांच्या नावासारखं नाव, त्यांची गिऱ्हाइकांची यादी किंवा मॅन्युअल वापरलं तर ट्रेडमार्क आणि गोपनीयतेची वेगळी केस होते आणि तिथे कंपनीची बाजू भक्कम असते. आणि जागेचा भाडेकरारही बघा. आपल्या उदाहरणात फ्रँचायझीचा करार ५ वर्षांचा आणि दुकानाचं भाडं ७ वर्षांचं होतं, म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी शेवटची २ वर्षं भाडं भरायचं पण ब्रँड नाही. दोन्ही मुदती जुळवून घ्या, किंवा फ्रँचायझी संपली तर जागा सोडता येईल असं घरमालकाकडून लिहून घ्या. कधीकधी कंपनीच भाडेकरार स्वतःकडे घ्यायचा हक्क राखते. तो घेतला तर पुढचं भाडं त्यांचं, आणि तुम्ही केलेल्या इंटिरियरची किंमत कशी ठरणार, हे दोन्ही त्यात आलं पाहिजे.

पायरी ५: आता रॉयल्टी, पण टक्क्याआधी व्याख्या

६ टक्के की ७ टक्के यावर लोक दोन-दोन मीटिंग भांडतात, पण कशावर ६ टक्के ते वाचत नाहीत. आपल्या करारात "एकूण विक्री" म्हणजे डिस्काउंटच्या आधीची छापील किंमत होती. कंपनीने अ‍ॅपवर २० टक्क्यांची ऑफर काढली, गिऱ्हाइकाने १०० ऐवजी ८० दिले, अ‍ॅपचं कमिशन २० टक्के म्हणजे १६ कापून दुकानाला ६४ आले. रॉयल्टी आणि मार्केटिंग मिळून ८ मात्र १०० वरच. म्हणजे करारात ८ टक्के लिहिलेलं, आणि हातात आलेल्या पैशातून गेले साडेबारा टक्के.

म्हणून व्याख्येतून सरकारी कर, परत केलेले पैसे आणि कंपनीने लादलेले डिस्काउंट वगळून घ्या. किमान रॉयल्टी आहे का तेही बघा. महिन्याला किमान ५ असेल आणि विक्री ५० वर आली तर ६ टक्क्यांनी ३ होतात पण भरायचे ५, म्हणजे धंदा सगळ्यात वाईट असताना दर १० टक्के. सुरुवातीचे ६ महिने आणि दुकान तुमच्या हातात नसलेल्या कारणाने बंद असेल तो काळ किमान रॉयल्टीतून वगळायला सांगा.

ऑडिटच्या क्लॉजमध्ये फरकाची टक्केवारी असते. सांगितलेल्या विक्रीत २ किंवा ३ टक्क्यांपेक्षा जास्त तूट सापडली की ऑडिटचा खर्च तुमच्यावर, आणि बरेचदा तेच करार संपवायचं कारणही. तूट काही दर वेळी चोरीमुळे येत नाही. रोख घेतलेली ऑर्डर दुसऱ्या दिवशी सिस्टीममध्ये टाकली, रद्द झालेलं बिल रद्द केलंच नाही, अशाने आकडे हलतात. दर आठवड्याला सिस्टीमचा रिपोर्ट आणि बँक स्टेटमेंट शेजारी ठेवून फरक लिहून ठेवत जा, वर्षभराने कारण आठवत नाही.

पायरी ६: टेरिटरी, नकाशासकट

"एक्सक्लुझिव्ह" हा शब्द बघून समाधान मानू नका, त्याच्यानंतर येणारं "परंतु" वाचा. त्या परंतुखाली ऑनलाइन विक्री, मोठे संस्थात्मक ग्राहक आणि कंपनीने पुढे विकत घेतलेले इतर ब्रँड हे सगळं वगळलेलं असतं. आपल्या दुकानाच्या ३ किलोमीटरमध्ये दुसरं दुकान आलं नाही हे खरं, पण अ‍ॅपची गाडी त्याच सोसायट्यांमधून कपडे उचलून कंपनीच्या मुख्य प्लांटला नेत होती. करार मोडला नव्हता, आणि दुकानाची विक्री मात्र सहा महिन्यांत उतरली.

आणि इथे टेरिटरीचा धागा पुन्हा करार संपण्याला जोडला जातो. विक्रीचं टार्गेट दोन तिमाही चुकलं तर एक्सक्लुझिव्ह हक्क जातो आणि नंतर करारही जाऊ शकतो, अशी अट होती. म्हणजे विक्री कमी झाली ती कंपनीच्याच अ‍ॅपमुळे आणि दंड दुकानाला. तुमच्या एरियातून आलेल्या अ‍ॅपच्या ऑर्डर तुमच्याकडे वळवाव्यात, ते जमत नसेल तर त्यावर ठरलेला हिस्सा द्यावा, आणि काहीही झालं तरी त्या ऑर्डर तुमच्या टार्गेटमध्ये मोजाव्यात, एवढं तरी घ्याच. हद्द रस्त्यांच्या नावांनी आणि सोबत जोडलेल्या नकाशाने लिहा, नुसत्या किलोमीटरवरून वाद होतात की हवाई अंतर की रस्त्याने.

पायरी ७: ब्रँडचं नियंत्रण आणि बदलत जाणारं मॅन्युअल

कंपनीने नियंत्रण ठेवणं चूक नाही. नाव वापरायला दिलं आणि दर्जावर लक्षच ठेवलं नाही तर ट्रेडमार्कचा हक्क कमकुवत होऊ शकतो, त्यामुळे इन्स्पेक्शन, ठरलेलं केमिकल, ठरलेली पाटी हे येणारच. अडचण अशी की करारात फक्त "मॅन्युअलप्रमाणे वागावे, मॅन्युअल वेळोवेळी बदलेल" एवढंच असतं, आणि मॅन्युअल सही झाल्यावर हातात पडतं. मॅन्युअल मोडणं म्हणजे करार मोडणं, करार मोडला की नोटीस, आणि तीन नोटिसांचं काय होतं ते पायरी १ मध्ये आलंच.

सही करायच्या आधी गोपनीयतेच्या कागदावर सही करून मॅन्युअल वाचायला मागा. मॅन्युअलच्या बदलामुळे होणाऱ्या खर्चाला वर्षाची मर्यादा घाला, समजा विक्रीच्या २ टक्के, आणि शेवटच्या १८ महिन्यांत मोठं रिनोव्हेशन करायला लावायचं नाही हेही लिहा, कारण तो खर्च वसूल व्हायच्या आत करार संपतो. ठरलेल्या सप्लायरकडूनच माल घ्यायचा असेल तर तोच दर्जा देणारा दुसरा सप्लायर सुचवायचा हक्क मागा. आणि ट्रेडमार्क खरंच रजिस्टर झालाय का, कोणाच्या नावावर, कोणत्या वर्गात ते स्वतः रजिस्टरवर तपासा. ड्रायक्लीनिंग वर्ग ३७ मध्ये येतं, कंपनीकडे फक्त साबणाच्या वर्गातलं रजिस्ट्रेशन असेल तर तुमच्या सेवेला त्या रजिस्ट्रेशनचं थेट संरक्षण नाही.

पायरी ८: सहीच्या आधी जुन्या लोकांना फोन

अमेरिकेत कंपनीला सही किंवा पैसे घेण्याच्या किमान १४ दिवस आधी २३ मुद्द्यांची माहितीपत्रिका द्यावी लागते, आणि त्यात सोडून गेलेल्या फ्रँचायझीवाल्यांचीही यादी असते. भारतात फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही, त्यामुळे ही यादी मागूनच घ्यावी लागते. चालू दुकानवाले बहुतेक चांगलंच सांगतात, कारण त्यांचे पैसे अजून अडकलेले असतात. सोडून गेलेल्या दोघांना तरी विचारा: शेवटची नोटीस कशाबद्दल होती, डिपॉझिट किती दिवसांनी मिळालं, आणि मिळालं तेव्हा त्यातून काय कापलं.

आणि नोटीस आलीच तर

त्याच दिवशी गिऱ्हाइकांच्या अपूर्ण ऑर्डरची यादी प्रिंट करा, पण फक्त हातातल्या कामापुरती. पूर्ण डेटाबेस उतरवून घेतलात तर तुम्हीच करार मोडल्यासारखं होईल. नोटिशीला मुदतीच्या आत लेखी उत्तर द्या, चूक सुधारल्याचे तारीख असलेले फोटो जोडा, आणि वाद असला तरी ज्या रॉयल्टीबद्दल वाद नाही ती भरत राहा, ती थांबवली की बाकीचे मुद्दे बाजूला पडून थकबाकी हेच कारण पुढे येतं. करार संपलाच तर पाटी उतरवतानाचा फोटो, परत केलेल्या मॅन्युअलची आणि मालाची पोच, लिस्टिंग ट्रान्सफर केल्याचा ईमेल हे एका फाइलमध्ये ठेवा. डिपॉझिट सुटेपर्यंत आणि पर्सनल गॅरंटीतून मोकळं केल्याचं सही-शिक्क्याचं पत्र हातात येईपर्यंत ती फाइल बंद करू नका. माझ्या मित्राला ते पत्र चौदा महिन्यांनी मिळालं.